स्लाइडमधला दोष नेमका कुठल्या टप्प्यावर घडतो: फिक्सेशनपासून एच अँड ई रंगकामापर्यंत

स्लाइड फिकट किंवा धूसर आली की बहुतेकांचा हात आधी हिमॅटॉक्सिलिनच्या बाटलीकडे जातो. रंग बदलला जातो, वेळ वाढवला जातो, ॲसिड अल्कोहोलची एक बुडी कमी केली जाते, आणि पुढची स्लाइडही तशीच निघते. याचं कारण साधं आहे. रंगकाम हा या साखळीतला शेवटचा टप्पा, आणि आधीच्या टप्प्यांत राहिलेलं अपुरं काम तिथे पहिल्यांदा डोळ्यांना दिसतं. म्हणून हा लेख प्रत्येक टप्पा क्रमाने घेतो आणि तो पुरा झाला की नाही हे पुढे जाण्याआधी कसं ओळखायचं ते सांगतो.

सोबतीला एकच नमुना घेऊ: स्तनातून काढलेली सुमारे ७ सेंमीची गाठ, भोवती भरपूर चरबी. मुद्दाम अवघड नमुना निवडला आहे. घट्ट गाठ आणि चरबी एकाच तुकड्यात असली की प्रत्येक टप्प्यातली घाई उघडी पडते.

## १. फिक्सेशन: बरणीत टाकलं म्हणजे फिक्स झालं असं नाही

सर्वसाधारण कामासाठी १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन वापरतात. एक लिटरसाठी बाजारात मिळणारं ३७ ते ४० टक्क्यांचं फॉर्मॅल्डिहाइडचं द्रावण १०० मिली, डिस्टिल्ड पाणी ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम आणि निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. क्षार आधी पाण्यात पूर्ण विरघळवा, मग फॉर्मॅलिन घाला, आणि पीएच ७ च्या आसपास आहे का ते मोजा. नावात १० टक्के असलं तरी प्रत्यक्षात फॉर्मॅल्डिहाइड सुमारे ४ टक्केच असतं. हे ठाऊक नसल्यामुळे कुणीतरी आधीच तयार असलेलं द्रावण पुन्हा दहापट पातळ करतं, आणि मग तो दिवस सगळ्या नमुन्यांना भोवतो.

बफर गाळून नुसतं नळाचं पाणी मिसळायची सवय असेल तर ती सोडा. पीएच ६ च्या खाली उतरला की रक्ताळ टिश्यूमध्ये फॉर्मॅलिन आणि हिमोग्लोबिन मिळून तपकिरी-काळे कण तयार होतात. ते पेशींच्या बाहेर, मुख्यतः रक्ताच्या जागी पसरलेले दिसतात आणि ध्रुवित प्रकाशात चमकतात. नवख्या डोळ्याला ते मेलॅनिन किंवा लोह वाटू शकतं.

आता आपली गाठ. ती अखंड, एका बेताच्या बरणीत, जेमतेम बुडेल एवढ्या द्रावणात आली, तर तिच्या मध्यभागी काय चाललं असेल याचा विचार करा. द्रावण वरच्या थरात पहिल्या काही तासांत बऱ्यापैकी शिरतं, पण आत जाताना वेग मंदावत जातो. जितकं खोल जायचं त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वेळ लागतो, म्हणजे दुप्पट खोलीला चौपट वेळ. शिवाय आत पोचणं आणि प्रथिनांना बांधणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाण्यातलं फॉर्मॅल्डिहाइड बहुतांश मिथिलीन ग्लायकॉलच्या रूपात असतं. ते शिरतं लवकर, पण प्रथिनांमध्ये बंध तयार व्हायला निवांत वेळ लागतो. म्हणून रात्रभर बरणीत राहिलेली अखंड गाठ कापली की कडेला करडी आणि मध्यभागी अजून गुलाबी, ओलसर दिसते.

काम असं करा:

१. नमुना आल्याबरोबर नाव, क्रमांक, बाजू आणि काढल्याची वेळ फॉर्मशी ताडून घ्या. जुळत नसेल तर पुढे जाऊ नका.

२. कडांवर शाई लावून ती कोरडी होऊ द्या. आधी कापून मग शाई लावली तर ती चिरेतून आत ओघळते आणि कड कुठली हे कुणालाच सांगता येत नाही.

३. गाठीचे ५ ते १० मिमी जाडीचे समांतर काप करा, पण शक्य असेल तर एका बाजूने जोडलेले ठेवा. रचना शाबूत राहते.

४. कापांमध्ये शोषक कागद सरकवा, म्हणजे द्रावण दोन्ही बाजूंनी पोचेल.

५. टिश्यूच्या किमान दहापट, जमल्यास वीसपट द्रावण घाला. चरबी तरंगते, म्हणून वर भिजवलेली गॉज ठेवा.

स्तनाच्या नमुन्यांत पुढे हार्मोन रिसेप्टर आणि हर-२ च्या चाचण्या होतात. त्यासाठी नमुना काढल्यापासून तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये जावा आणि ६ ते ७२ तास त्यात राहावा असा प्रघात आहे. सहा तास ही खालची मर्यादा आहे, लक्ष्य नव्हे. चरबीवाल्या मोठ्या कापांना मी २४ तासांच्या आत हात लावत नाही.

तपासा: कापाचा मध्य दाबून पाहा. कडेइतकाच घट्ट आणि करडा असला पाहिजे. मध्यभागी गुलाबीपणा किंवा लिबलिबीतपणा असेल तर द्रावण बदलून आणखी वेळ द्या. अहवालाची कितीही घाई असली तरी हा वेळ पुढे कुठेच भरून काढता येत नाही.

सावधान: फॉर्मॅल्डिहाइड माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात मोडतं. बरणी उघडणं, कापणं, द्रावण बदलणं ही सगळी कामं हवा खेचणाऱ्या हुडखालीच करा.

## २. ग्रॉसिंग: कॅसेटमध्ये किती मावतं याला महत्त्व नाही

कॅसेट आतून साधारण ५ मिमी खोल असते. याचा अर्थ ५ मिमीचा तुकडा चालतो असा लावू नका. तुकडा ३ मिमी जाड हवा, फार तर ४. चरबी असेल तर ३ च्या खालीच ठेवा. झाकण लावताना अंगठ्याने दाबावं लागत असेल तर तो तुकडा पुन्हा कापा. जाळीला चिकटलेल्या टिश्यूवर जाळीचे ठसे उमटतात, आणि त्याहून वाईट म्हणजे त्या बाजूने द्रावण फिरतच नाही.

गाठीतून तुकडा घेताना गाठ, तिची कड आणि शेजारची चरबी एकाच पातळीत येईल असा घ्या, पण गरजेपेक्षा जास्त चरबी बरोबर आणू नका. कडेची निव्वळ चरबी स्वतंत्र कॅसेटमध्ये पातळ काप करून देता येते. एका कॅसेटमध्ये घट्ट गाठ आणि जाड चरबी एकत्र भरली तर जो वेळ एकाला पुरतो तो दुसऱ्याला पुरत नाही.

सुईने घेतलेल्या बारीक तुकड्यांची गोष्ट वेगळी. ते गाळण कागदात अलगद गुंडाळा. स्पंज वापरला तर टिश्यूत त्रिकोणी पोकळ्या पडतात, त्या पाहून निदान करणारा गोंधळतो. तुकडे अगदीच फिकट असतील तर त्यांना इओसिनचा एक थेंब लावा, एम्बेडिंग करताना ते मेणात शोधत बसावं लागत नाही.

क्रमांक पेन्सिलने किंवा कॅसेटच्या प्रिंटरने लिहा. साध्या मार्कर पेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते आणि सकाळी प्रोसेसरमधून दहा बिननावाच्या कॅसेट बाहेर येतात.

उरलेला नमुना त्याच बरणीत, भरपूर फॉर्मॅलिनमध्ये, क्रमांकासह जपून ठेवा. याची गरज शेवटच्या टप्प्यात कळेल.

## ३. प्रोसेसिंग: पाणी पूर्ण गेल्याशिवाय मेण आत येत नाही

मेण आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. म्हणून आधी अल्कोहोलने पाणी काढायचं, मग झायलीनने अल्कोहोल काढायचं, मग मेणाने झायलीन काढायचं. आधीच्या टप्प्याचा द्रव शिल्लक राहिला की पुढचा द्रव त्या जागी शिरत नाही, आणि ही तूट शेवटपर्यंत तशीच पुढे सरकत जाते.

३ मिमीच्या, चरबी असलेल्या तुकड्यांसाठी रात्रभराचं एक चालणारं वेळापत्रक असं:

- फॉर्मॅलिन, १ तास
- ७० टक्के अल्कोहोल, १ तास
- ९५ टक्के अल्कोहोल, दोन भांडी, प्रत्येकी १ तास
- ॲब्सोल्यूट अल्कोहोल, तीन भांडी, प्रत्येकी १ तास. चरबी जास्त असेल तर शेवटच्या दोन भांड्यांत दीड तास
- झायलीन, तीन भांडी, प्रत्येकी १ तास
- मेण, तीन भांडी, प्रत्येकी १ तास, ६० °से तापमानाला

सुरुवात ७० टक्क्यांनीच का? फॉस्फेटचे क्षार तीव्र अल्कोहोलमध्ये विरघळत नाहीत. फॉर्मॅलिनमधून सरळ ९५ टक्क्यांत गेलात तर ते टिश्यूत आणि यंत्राच्या नळ्यांत पांढरे कण होऊन बसतात. ७० टक्क्यांतलं पाणी त्यांना आधी धुऊन नेतं.

आता सर्वांत जास्त चुकणारी गोष्ट: द्रावण कसं बदलायचं. मालिकेतल्या पहिल्या भांड्यात सगळ्यांत जास्त घाण जमते. ते टाका, दुसरं पहिल्याच्या जागी सरकवा, तिसरं दुसऱ्याच्या जागी, आणि ताजं द्रावण शेवटी ठेवा. अनेक ठिकाणी याच्या उलट होतं. पहिलं भांडं सर्वांत मळकं दिसतं म्हणून ताजं द्रावण तिथेच ओततात, आणि शेवटचं ॲब्सोल्यूट महिनाभर हवेतलं पाणी शोषत बसतं. टिश्यूमधलं पाणी त्याच्या पलीकडे उतरूच शकत नाही.

तपासा: शेवटच्या ॲब्सोल्यूट अल्कोहोलचे काही मिली परीक्षानळीत घ्या आणि पांढरा, निर्जल कॉपर सल्फेट चिमूटभर टाका. निळा झाला तर त्यात पाणी आहे. दुसरी खूण झायलीनची: पहिलं भांडं दुधाळ दिसत असेल तर टिश्यू पाणी घेऊनच तिथे आलं आहे. झायलीन बदलून हे सुटत नाही, आधीचं अल्कोहोल बदला.

झायलीनमधून बाहेर आलेला बहुतेक टिश्यू पारदर्शकतेकडे झुकलेला दिसतो. मध्यभागी अपारदर्शक पांढरा ठिपका राहिला असेल तर तिथे अजून अल्कोहोल किंवा पाणी आहे. चरबीच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. चरबी अल्कोहोल आणि झायलीनमध्ये विरघळून बाहेर पडते, पण ते विरघळणं संथ असतं आणि त्यामुळे द्रावणंही लवकर थकतात. ज्या दिवशी स्तनाचे बरेच नमुने लावाल त्या दिवशी ठरलेल्या तारखेची वाट न पाहता द्रावणं फिरवा.

मेणाचं तापमान त्याच्या वितळबिंदूच्या दोनतीन अंश वर पुरेसं असतं. ५६ ते ५८ अंशांना वितळणाऱ्या मेणासाठी ६० अंश ठीक. लवकर शिरावं म्हणून ६५-७० पर्यंत नेलं तर टिश्यू आक्रसतो, ठिसूळ होतो आणि केंद्रकांचा बारीक पोत पुसट होतो.

उलट बाजूही ध्यानात ठेवा. सुईचे बारीक तुकडे आणि चरबीच्या मोठ्या कापांना एकच लांब वेळापत्रक लावलं तर बारीक तुकडे जरुरीपेक्षा जास्त कोरडे होतात. कापताना त्यांत बारीक समांतर भेगा पडतात. शक्य असेल तर दोन वेळापत्रकं ठेवा. एकच यंत्र असेल तर बारीक तुकडे दिवसा छोट्या वेळापत्रकावर आटपा.

## ४. एम्बेडिंग: दिशा चुकली तर चांगला ब्लॉकही वाया

१. मोल्ड गरम हवा, फोर्सेप्स गरम हवी, आणि एका वेळी एकच कॅसेट उघडी हवी. शेवटचा नियम मोडला की एका रुग्णाचा तुकडा दुसऱ्याच्या ब्लॉकमध्ये जातो.

२. मोल्डच्या तळात थोडं वितळलेलं मेण घ्या. तुकडा त्यात जी बाजू कापायची आहे ती खाली करून ठेवा.

३. मोल्डचा तळ थंड भागावर क्षणभर टेकवा आणि मेण किंचित घट्ट होत असताना तुकडा सपाट दाबून धरा. सगळा तुकडा एकाच पातळीत बसला पाहिजे. एक टोक वर राहिलं तर पूर्ण तोंड उघडेपर्यंत दुसऱ्या टोकाचा टिश्यू छिलून गेलेला असतो.

४. कॅसेटचा तळ वर ठेवा, मेणाने भरा, आणि कोल्ड प्लेटवर घट्ट होऊ द्या.

तिसरी आणि चौथी पायरी यांच्यात रेंगाळू नका. खालचं मेण पूर्ण थिजल्यावर वर गरम मेण ओतलं तर दोन थर एकजीव होत नाहीत आणि कापताना टिश्यू मेणातून सुटून येतो.

आपल्या गाठीच्या कडेच्या तुकड्यात शाई लावलेली कड ब्लॉकच्या तोंडावर दिसली पाहिजे, म्हणजे तुकडा कडेला काटकोनात कापलेला हवा. त्वचा उभी ठेवा, म्हणजे वरचा थर ते चरबी असे सगळे थर एकाच सेक्शनमध्ये येतात. नळीसारख्या अवयवाचा आडवा छेद, आणि पुटीची भिंत कडेवर उभी. एवढं लक्षात ठेवलं तरी बहुतेक भागतं. ग्रॉसिंग करणाऱ्याने विशेष दिशा हवी असेल तर कॅसेटबरोबर चिठ्ठी द्यावी. एम्बेडिंगच्या टेबलावर अंदाज बांधायचा नसतो.

तपासा: ब्लॉक थंड झाल्यावर तोंडावर बोटाने हलकेच चाचपा. टिश्यू आणि मेण एकाच पातळीत लागले पाहिजेत. टिश्यूच्या जागी खळगा पडला असेल, किंवा दुसऱ्या दिवशी तो आत ओढला गेलेला दिसला, तर तिसऱ्या टप्प्यात पाणी किंवा अल्कोहोल राहिलं आहे. असा ब्लॉक मायक्रोटोमवर चढवू नका, थेट आठव्या टप्प्याकडे जा.

## ५. सेक्शन कापणं

ब्लॉकचं तोंड १० ते १५ मायक्रॉनने उघडा. पूर्ण तोंड आलं की ब्लॉक बर्फावर ठेवा आणि मग ३ ते ४ मायक्रॉनचे सेक्शन घ्या. खरडून तोंड उघडताना जो भाग थोडा फाटतो तो थंड झाल्यावर दोनचार सेक्शन टाकून दिले की निघून जातो. पहिलाच सेक्शन उचलायचा मोह टाळा, नाहीतर स्लाइडवर भोकं दिसतात. चरबी असलेला ब्लॉक जास्त थंड लागतो आणि बर्फावरून उचलल्याबरोबर कापावा लागतो. मात्र ओल्या बर्फावर फार वेळ ठेवला तर टिश्यू पाणी पिऊन फुगतो.

रिबनवर उभी रेघ सारखी त्याच जागी येत असेल तर ब्लेडला तिथे खाच आहे, ब्लेड सरकवा. आडव्या, समांतर पट्ट्या येत असतील तर काहीतरी सैल आहे: ब्लेड, ब्लॉकचा पकडणारा भाग किंवा तिरकेपणाचा स्क्रू. एक सेक्शन जाड आणि एक पातळ असं होत असेल तर तेही तिथेच शोधा. या पट्ट्या रंगवल्यावर गडद-फिकट दिसतात आणि दोष रंगाच्या माथी मारला जातो.

वॉटर बाथ मेणाच्या वितळबिंदूच्या सुमारे १० अंश खाली, म्हणजे साधारण ४५ अंशांवर ठेवा. त्याहून गरम पाण्यात सेक्शन पसरून तुटतो, थंड पाण्यात सुरकुत्या जात नाहीत. प्रत्येक ब्लॉकनंतर पृष्ठभागावरून टिश्यूपेपर ओढा. तिथे तरंगणारा आधीच्या रुग्णाचा एखादा तुकडा पुढच्या स्लाइडवर चिकटला तर निदानच बदलू शकतं.

स्लाइडवर क्रमांक सेक्शन उचलण्यापूर्वी लिहा. मग स्लाइड उभी करून पाणी पूर्ण निथळू द्या आणि नंतरच ६० अंशांच्या ओव्हनमध्ये अर्धा ते एक तास ठेवा. पाणी खाली अडकलं असताना तापवलं तर सेक्शन उचलला जातो आणि केंद्रकांमध्ये बुडबुड्यांसारख्या पोकळ्या दिसतात.

## ६. हिमॅटॉक्सिलिन: घड्याळापेक्षा मायक्रोस्कोप पाहा

आधी मेण काढा: झायलीनच्या दोन भांड्यांत ५-५ मिनिटं. मग ॲब्सोल्यूट अल्कोहोल दोनदा, ९५ टक्के, ७० टक्के आणि पाणी. झायलीन संपलेलं असेल तर सेक्शनवर अस्पष्ट पांढरे ठिपके राहतात आणि त्या जागी रंग लागतच नाही. पाण्यात उतरलेली स्लाइड तिरकी धरून पाहा. पाणी सगळीकडे सारखं पसरलं तर मेण गेलं. थेंब-थेंब वेगळे राहिले तर परत झायलीनमध्ये न्या.

१. हॅरिस हिमॅटॉक्सिलिन वापरण्याआधी गाळा. पृष्ठभागावर जमणारी चमकदार साय सेक्शनवर निळे-काळे कण सोडते.

२. ५ ते ८ मिनिटं रंगवा, पाण्यात धुवा.

३. ॲसिड अल्कोहोल, म्हणजे ७० टक्के अल्कोहोलमध्ये १ टक्का हायड्रोक्लोरिक आम्ल, यात दोनतीन बुड्या. लगेच पाण्यात.

४. ब्लूइंग: वाहत्या नळाच्या पाण्यात ५ ते १० मिनिटं. नळाचं पाणी आम्लधर्मी असेल तर स्कॉटचं द्रावण वापरा: लिटरभर पाण्यात सोडियम बायकार्बोनेट ३.५ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट २० ग्रॅम.

५. पाण्यात धुऊन ओली स्लाइड मायक्रोस्कोपखाली ठेवा.

ही पाचवी पायरी वेळ खाते म्हणून गाळली जाते, आणि बहुतेक फुकट गेलेल्या स्लाइड इथेच वाचल्या असत्या. केंद्रकं निळी, कडा स्पष्ट, आतला क्रोमॅटिनचा पोत दिसणारा, आणि मागचं पेशीद्रव जवळपास रंगहीन हवं. मागे निळसर धुकं असेल तर आणखी एक बुडी ॲसिड अल्कोहोलमध्ये द्या आणि पुन्हा ब्लूइंग करा. केंद्रकं लालसर-जांभळी राहिली असतील तर ब्लूइंग अपुरं आहे. केंद्रकं फिकट असतील तर परत हिमॅटॉक्सिलिनमध्ये न्या. ही सगळी दुरुस्ती इओसिनच्या आधी सोपी असते.

ॲसिड अल्कोहोल सेकंदागणिक रंग ओढतं. इथे फोन घेतला की स्लाइड संपली म्हणून समजा.

## ७. इओसिन, कोरडं करणं आणि कव्हरस्लिप

इओसिन किंचित आम्लधर्मी असताना, पीएच ४.६ ते ५ च्या दरम्यान, चांगलं लागतं. ब्लूइंगचं अल्कली स्लाइडवर राहिलं की इओसिन फिकट पडतं, आणि लोक इओसिन नवं बनवतात. आधी स्लाइड नीट धुऊन पाहा. तरीही फिकट राहिलं तर दर १०० मिली इओसिनला अर्धा मिली ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड घाला.

१ टक्का इओसिनमध्ये एक ते दोन मिनिटं पुरतात. नंतर ९५ टक्के अल्कोहोल झटपट, कारण पाणी असलेलं अल्कोहोल इओसिन बाहेर ओढतं. मग ॲब्सोल्यूटची तीन आणि झायलीनची तीन भांडी. चांगल्या रंगात गुलाबीच्या किमान तीन छटा वेगळ्या दिसतात: तांबड्या रक्तपेशी सर्वांत गडद, स्नायू त्याहून हलका, कोलॅजेन सर्वांत फिकट. सगळंच एकसारखं लालभडक दिसत असेल तर इओसिन जास्त झालं किंवा अल्कोहोलमध्ये ते पुरेसं उतरलं नाही.

झायलीनमध्ये स्लाइड पांढरट धूसर दिसली तर अल्कोहोलमध्ये पाणी आहे. परत ताज्या ॲब्सोल्यूटमध्ये न्या आणि पुन्हा झायलीनमध्ये. तशीच डीपीएक्स लावून बंद केली तर धूसरपणा कायमचा झाला.

कव्हरस्लिप स्लाइड झायलीनने ओली असतानाच लावा. कोरडी पडू दिली तर केंद्रकांवर हवा अडकते आणि तपकिरी-काळे, चमकणारे ठिपके दिसतात. असं झालं तर झायलीनमध्ये कव्हरस्लिप सोडवून पुन्हा लावता येते.

## ८. दोष मागे कसा शोधायचा आणि बिघडलेला ब्लॉक कसा सोडवायचा

आपल्या गाठीच्या एका ब्लॉकची स्लाइड हातात आहे असं समजा. कडेची केंद्रकं स्वच्छ, मध्यभागी ती आक्रसलेली आणि आतला पोत गेलेला. चरबीच्या जागी सेक्शनला भोक. रंगाचा दोष असता तर कड आणि मध्य दोन्हीकडे सारखाच दिसला असता. कड चांगली आणि मध्य वाईट असा फरक पडतो तेव्हा द्रव बाहेरून आत शिरताना अडलेला असतो. मध्यभागी फॉर्मॅलिन पोचलंच नाही, आणि प्रोसेसरमध्ये त्या भागाचं फिक्सेशन अल्कोहोलने केलं. अल्कोहोल प्रथिनं गोठवतं आणि पेशी आक्रसतात. चरबीतलं भोक ही वेगळी तक्रार आहे: तिथे मेण शिरलं नाही, म्हणजे अल्कोहोल किंवा झायलीन कमी पडलं. एकाच स्लाइडवर दोन टप्प्यांचे दोष असू शकतात, म्हणून एक कारण सापडलं की शोध थांबवू नका.

नमुन्याची नोंद काढा. बरणीत अखंड होता का, फॉर्मॅलिनमध्ये किती तास होता, तुकडा किती जाड होता, आणि त्या दिवशी ॲब्सोल्यूट कधी बदललं होतं? उत्तरं बहुधा तिथेच मिळतात.

चरबीच्या भागासाठी ब्लॉक पुन्हा प्रोसेस करता येतो. ब्लॉक वितळवा, टिश्यूवरचं मेण कागदाने टिपा, झायलीनच्या दोन भांड्यांत मेण पूर्ण काढा, मग ताज्या ॲब्सोल्यूट अल्कोहोलची दोन-तीन भांडी, पुन्हा ताजं झायलीन, पुन्हा मेण, आणि नव्याने एम्बेडिंग. तुकडा जाड असेल तर अल्कोहोलमध्ये असतानाच तो पातळ करा. जाडी तशीच ठेवून नुसता वेळ वाढवला तर निकाल फारसा बदलत नाही. मध्यभाग कच्चाच वाटत असेल तर अल्कोहोलच्या उतरत्या क्रमाने खाली आणून त्याला परत फॉर्मॅलिनमध्येही ठेवतात. त्याने कापायला घट्टपणा येतो, पण अल्कोहोलने आक्रसलेली केंद्रकं पूर्ववत होत नाहीत.

म्हणून मध्यभागासाठी बरणीतल्या उरलेल्या ओल्या नमुन्याकडे वळा. तोपर्यंत त्याला फॉर्मॅलिनमध्ये आणखी वेळ मिळालेला असतो. त्यातून ३ मिमीचा नवा तुकडा घ्या, नवा ब्लॉक क्रमांक द्या, आणि रजिस्टरमध्ये लिहा की पहिला ब्लॉक कोणत्या कारणाने बदलला आणि कोणता पुन्हा प्रोसेस केला. फॉर्मॅलिनमधले एकूण तासही तिथेच नोंदवा आणि पॅथॉलॉजिस्टला कळवा. रिसेप्टरच्या चाचणीसाठी कोणता ब्लॉक पाठवायचा हे त्या नोंदीवरून ठरवतात, आणि कच्च्या मध्यभागाचा ब्लॉक त्यासाठी पाठवू नये.